वडिलांच्या खात्याला नॉमिनी नाही. पैसे कसे मिळतील?

«सप्रेम नमस्कार. माझे वडील जानेवारीच्या अखेरीस कराडला राहत्या घरी वारले. ते निवृत्त सरकारी कर्मचारी होते. त्यांच्या राष्ट्रीयीकृत बँकेतल्या बचत खात्यात ३ लाख ८० हजार रुपये आहेत आणि तिथेच ९ लाखांची मुदत ठेव आहे. एका सहकारी बँकेत आणखी ६ लाख २० हजारांची ठेव आहे. सगळे त्यांच्या एकट्याच्या नावावर असून नॉमिनी कुठेच लावलेला नाही. वारस आम्ही तिघेच : आई, मी आणि शारजाला असणारी बहीण. थोरला भाऊ चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. वहिनी आणि नऊ वर्षांची पुतणी पंढरपूरला वहिनीच्या माहेरी असतात. पंच्याऐंशी वर्षांची आजी, म्हणजे वडिलांची आई, आमच्याकडे आहे. सर्व रक्कम आईच्या नावावर व्हावी अशी आमची इच्छा आहे. बँकेत गेलो तर काउंटरवर ‘कोर्टातून वारस दाखला आणा’ एवढेच सांगितले. दिवसकार्यासाठी मी वडिलांच्या एटीएम कार्डाने ४० हजार रुपये काढले होते. फेब्रुवारी आणि मार्चची पेन्शनही खात्यात जमा झाली आहे. कागदपत्रांत एक जुने पासबुक सापडले, ते कोणत्या खात्याचे हे कळत नाही. पुढे काय करावे?»
— एक वाचक, कराड

नमस्कार.

आधी एटीएम कार्डाविषयी. ते कार्ड आता वापरू नका, आणि वडिलांच्या मोबाइलवर यूपीआय असेल तर तेही वापरू नका. खातेदाराच्या मृत्यूबरोबर कार्ड, पिन, चेकबुक किंवा कोणाला दिलेले अधिकारपत्र यांचा अधिकार संपतो आणि त्या क्षणापासून खात्यातली रक्कम सर्व वारसांची सामाईक होते. तुम्ही काढलेले ४० हजार दिवसकार्याला लागले याबद्दल मला शंका नाही, पण उद्या एखाद्या वारसाने विचारले तर उत्तर तोंडी असून भागणार नाही. म्हणून केटरिंग, गुरुजी, स्मशानभूमीची पावती असा जो काही हिशेब असेल तो एका कागदावर तारखांसह लिहून काढा, इतर वारसांना दाखवा, आणि बँकेला मृत्यूची लेखी सूचना देताना हे पैसे काढल्याचा उल्लेख स्वतःहून करा. मृत्यूच्या तारखेनंतरचे व्यवहार खात्याच्या उताऱ्यात दिसतातच. ते बँकेला आधी तुमच्याकडून कळलेले बरे.

पेन्शनचे तसेच आहे. निवृत्तिवेतन मृत्यूच्या दिवसापर्यंतचेच देय असते. फेब्रुवारी आणि मार्चची म्हणून जमा झालेली रक्कम वडिलांची नाही, त्यामुळे तुमच्यापैकी कोणाचीच नाही. बँक ती पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडे परत पाठवेल. पेन्शन दरमहा ३० हजार होती असे धरू या. म्हणजे बचत खात्यातल्या ३ लाख ८० हजारांतून ६० हजार वजा होऊन तुमच्या हिशेबाला खरे ३ लाख २० हजार उरतात. मुदत ठेवीवर आजवर साठलेले व्याज ३० हजारांच्या आसपास असेल तर ती ठेव ९ लाख ३० हजारांची झाली. या बँकेतला दावा एकूण साडेबारा लाखांचा, असे धरून पुढचे लिहितो. आईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा या दाव्याशी संबंध नाही. ते वारसा म्हणून मिळत नाही, सेवानियमांनुसार पत्नीला मिळते. मृत्यूचा दाखला आणि पेन्शन मंजुरीचा आदेश, म्हणजे पीपीओ, घेऊन त्याचा अर्ज लगेच करा, बँकेच्या दाव्यासाठी तो थांबवू नका.

आता मुख्य गोष्ट. वारस आम्ही तिघेच, हे तुमचे म्हणणे कायद्याला धरून नाही, आणि या एका चुकीवर तुमचा पूर्ण दावा अडकू शकतो.

वडिलांनी मृत्युपत्र केलेले नाही असे मी गृहीत धरतो. कपाटात, लॉकरमध्ये आणि त्यांच्या जवळच्या मित्रांकडे एकदा खात्री करून घ्या. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो, आणि त्यानुसार पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्या जोडीला त्याची आईही येते. हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते. मुलगा आईच्या आधी गेला तर त्याच्या मालमत्तेत आईचा वाटा त्याच्या बायकोमुलांच्या वाट्याइतकाच असतो. म्हणजे तुमच्या आजी वारस आहेत, आणि तेही इतरांच्या बरोबरीने. शिवाय वडिलांच्या आधी वारलेल्या मुलाची जागा त्याची विधवा पत्नी आणि मुले घेतात. म्हणून तुमच्या वहिनी आणि पुतणी याही वारस आहेत. त्या पंढरपूरला माहेरी राहतात याने काही फरक पडत नाही. वहिनींनी पुढे पुनर्विवाह केला तरी हा वाटा जात नाही. वारसा खुला होण्यापूर्वीच पुनर्विवाह केलेल्या विधवा सुनेला अडकाठी घालणारे जुने कलमही २००५ च्या दुरुस्तीत रद्द झाले. तुमच्या बहिणीचे लग्न झाले आहे की नाही हा प्रश्न तर उद्भवतच नाही.

वाटणी अशी होते. आई, आजी, तुम्ही, बहीण आणि दिवंगत भावाची शाखा असे पाच समान हिस्से. साडेबारा लाखांत प्रत्येक हिस्सा अडीच लाखांचा. भावाच्या शाखेचे अडीच लाख वहिनी आणि पुतणी यांच्यात निम्मे-निम्मे, म्हणजे प्रत्येकी सव्वा लाख. (हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे; मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी वाचकांचे वारस वेगळ्या नियमांनी ठरतात. आणि खाते आईच्या नावावर असते तर हिंदू कुटुंबातही यादी बदलली असती : पहिल्या क्रमात पती, मुले आणि आधी वारलेल्या मुलामुलीची मुले येतात, स्त्रीची स्वतःची आई त्यात येत नाही.)

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की नॉमिनी नसलेल्या खात्यावर बँक पैसे देते ते ‘हे सोडून दुसरे वारस नाहीत’ या लेखी निवेदनावर विसंबून. तुम्ही तिघांचीच नावे लिहिली असती, तर ते निवेदन खोटे ठरले असते, आणि ज्यांनी नुकसानभरपाईचे बंधपत्र लिहून दिले त्यांच्यावर आजी किंवा पुतणीचा वाटा पदरातून भरण्याची वेळ आली असती. नऊ वर्षांची मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर आपला हिस्सा मागू शकते हे विसरू नका.

आता काउंटरवरच्या उत्तराविषयी. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मृत ग्राहकांच्या दाव्यांबद्दल सर्व बँकांसाठी निर्देश काढले आणि ते ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणण्यास सांगितले. त्यांत नॉमिनी किंवा हयात सहखातेदार नसलेल्या खात्यांसाठी एक सोपी पद्धत ठरवून दिली आहे. सहकारी बँका सोडून इतर बँकांत दाव्याची रक्कम १५ लाखांपर्यंत असेल, वारसांत वाद नसेल आणि न्यायालयाचा मनाई हुकूम नसेल, तर न्यायालयाकडून मिळणाऱ्या उत्तराधिकार प्रमाणपत्राचा आग्रह धरायचा नाही आणि त्रयस्थ जामीनदारही मागायचा नाही. बँक स्वतःच्या धोरणाने ही मर्यादा वाढवू शकते, कमी करू शकत नाही. तुमचा साडेबारा लाखांचा दावा या मर्यादेत बसतो. त्यामुळे राष्ट्रीयीकृत बँकेतल्या पैशांसाठी तुम्हाला कोर्टात जायचे कारण नाही.

या पद्धतीत द्यावे लागणारे कागद मोजके आहेत. बँकेच्या ठरलेल्या नमुन्यातला दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, दावेदारांची ओळख आणि पत्ता यांचे पुरावे, दावेदारांच्या सहीचे नुकसानभरपाईचे बंधपत्र, जे वारस स्वतः पैसे घेणार नाहीत त्यांचे ना-हरकत पत्र, आणि वारस कोण हे सांगणारा एक कागद. या शेवटच्या कागदासाठी दोन पर्याय आहेत : सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला, किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या पण कुटुंबाशी नाते नसलेल्या, बँकेला मान्य असलेल्या एका त्रयस्थ व्यक्तीचे वारसांबाबतचे निवेदन. तुमच्यासाठी दुसरा पर्याय सोपा आहे. वडिलांसोबत नोकरी केलेले निवृत्त सहकारी, शेजारचे शिक्षक किंवा डॉक्टर असे कोणीतरी पाहा ज्यांना आजी, वहिनी आणि पुतणी आहेत हे माहीत आहे. त्यांच्याकडे कोरा नमुना सहीसाठी पाठवू नका. सहाही नावे, वये आणि नाती स्वच्छ लिहून मग सही घ्या. एक इशारा : तलाठी कार्यालयातून सातबाऱ्यावर लागलेली वारस नोंद काही जण बँकेत घेऊन जातात. ती जमिनीच्या अभिलेखापुरती असते, आणि ठेवीसाठी तेवढ्यावर बँक पैसे देत नाही.

बंधपत्र स्टॅम्प पेपरवर करावे लागते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशे रुपयांच्या स्टॅम्पच्या जागी पाचशेचा लागतो, तेव्हा घरात पडून असलेला जुना शंभराचा कागद वापरू नका. मजकूर मात्र बँकेच्या नमुन्यातलाच घ्या; बाहेरच्या टायपिस्टकडून स्वतंत्र मसुदा करून नेला तर तो विधी विभागाकडे जातो आणि वेळ वाढतो.

सर्व पैसे आईंच्या नावावर करण्याच्या तुमच्या इच्छेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यात चार वेगवेगळ्या व्यक्तींचे चार वेगळे प्रश्न आहेत. तुमच्यापुरते सोपे आहे : ना-हरकत पत्रावर सही करा. फक्त एवढे लक्षात ठेवा, की हे पत्र बँकेला ‘पैसे अमक्याला द्या, आमची हरकत नाही’ असे सांगते. त्याने बँकेची जबाबदारी संपते. वारसांमधला मालकीचा प्रश्न त्या पत्राने आपोआप मिटतोच असे नाही. तुम्ही आणि बहीण खरोखरच आपला हिस्सा आईंना देऊन टाकत असाल, तर तसे स्वतंत्र कागदावर, सर्वांच्या सह्यांनी, तारीख घालून लिहून ठेवा. वकिलाकडून तो एकच कागद करून घेतलात तर फी सत्कारणी लागेल.

बहिणीने तिकडे सही करताना ती दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्यावी. शारजा त्याच्याच कार्यक्षेत्रात येते. साधे ना-हरकत पत्र असेल तर मूळ प्रत कुरिअरने पाठवली की झाले. पण तिने तुम्हाला मुखत्यारपत्र दिले किंवा बंधपत्रावर सही केली, तर तो कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. कागद येऊन पाकिटातच राहिला आणि मुदत टळली, असे बरेचदा घडते. पाकिटावरची पोहोचल्याची तारीख जपून ठेवा.

आजींच्या बाबतीत मी तुम्हाला आग्रहाने सांगेन की त्यांना आधी समजावून सांगा. हा पैसा मुलाचा आहे, त्यात तुझे अडीच लाख आहेत, ते तू सुनेला देतेस का, हा प्रश्न त्यांच्याशी मोकळेपणी बोला आणि त्यांचे उत्तर काहीही आले तरी ते माना. औषधपाण्यासाठी त्यांनी आपला हिस्सा ठेवायचे ठरवले तर त्यांनाही दावेदार करा. त्या सही करत नसतील आणि अंगठा लावणार असतील, तर दोन साक्षीदार लागतील आणि त्यांतला एक बँकेचा अधिकारी असला तर पुढे कोणी शंका काढत नाही. सत्तर वर्षांवरच्या ग्राहकांसाठी घरपोच सेवेची व्यवस्था बँकांकडे असते. तुमच्या आजी त्या शाखेच्या ग्राहक नसल्या तरी शाखाधिकाऱ्यांना लेखी विनंती करा. बहुतेक शाखांतले अधिकारी अशा वेळी घरी येतात. अंगठा घेताना कागदावर ‘मजकूर मराठीत वाचून दाखवला, समजला’ असे साक्षीदाराने लिहावे आणि कोणता अंगठा, डावा की उजवा, हेही नमूद करावे.

वहिनी सज्ञान आहेत. आपला सव्वा लाखाचा हिस्सा सोडायचा की घ्यायचा हे त्या ठरवतील. नवरा गेलेल्या आणि माहेरी राहून मुलीला वाढवणाऱ्या बाईकडे ना-हरकत पत्र मागताना कृपा करून ‘सगळ्यांनीच सोडले आहे’ असा दबाव आणू नका. माझे मत विचाराल तर तिचा हिस्सा तिला मिळावा. पुतणीचा हिस्सा मात्र कोणालाच सोडता येत नाही. अज्ञान मुलाचा पालक त्याच्या हितासाठी पैसे स्वीकारू शकतो. त्याच्या वाट्यावर पाणी सोडू शकत नाही, आणि सोडले तरी ते मुलीवर बंधनकारक राहील असे धरून चालता येत नाही. म्हणून पुतणीच्या नावाने, वहिनी पालक, असे खाते उघडा आणि तिचे सव्वा लाख थेट त्या खात्यात जातील असे दावा अर्जात लिहा.

म्हणजे अर्जाचे स्वरूप असे होईल : दावेदार आई, आणि पुतणीतर्फे पालक म्हणून वहिनी, वहिनी स्वतःसाठीही दावा करणार असतील तर त्यांचे नाव स्वतंत्रपणे. बंधपत्रावर याच दावेदारांच्या सह्या. तुम्ही, बहीण आणि आजी यांची ना-हरकत पत्रे. वहिनींनी आपला हिस्सा घेतला तर आईंना १० लाख, वहिनींना सव्वा लाख आणि पुतणीला सव्वा लाख. वहिनींनी आपणहून सोडला तर आईंना सव्वाअकरा लाख आणि पुतणीला सव्वा लाख.

अर्ज देण्यापूर्वी मृत्यूचा दाखला आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून वडिलांचे नाव अक्षर न् अक्षर पडताळा. पासबुकावर ‘दत्तात्रय’ आणि दाखल्यावर ‘दत्तात्रेय’, किंवा एका ठिकाणी वडिलांचे मधले नाव आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर, एवढ्यावरून दावे परत आलेले मी स्वतः पाहिले आहेत. फरक किरकोळ असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र बहुतेक बँका घेतात. दाखल्यावरचे नाव किंवा तारीखच चुकली असेल तर नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू निबंधकाकडून आधी दुरुस्ती करून घ्या, कारण तोच दाखला कुटुंब निवृत्तिवेतनाला, सहकारी बँकेला आणि घराच्या नोंदीलाही लागणार आहे.

कागद पुरे झाले की ते देताना पोच घ्या, आणि पोचेवर नुसता शिक्का नको. कोणते कागद दिले त्यांची यादी आणि तारीख हवी. याचे कारण मुदतीत आहे. सर्व आवश्यक कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने ठेवींचा दावा निकाली काढायचा आहे. बँकेच्या कारणाने उशीर झाला तर उशिराच्या काळासाठी बँक रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ठरवते तो दर, अधिक ४ टक्के या दराने, किमान इतके, व्याज तिने द्यायचे आहे. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेनऊ टक्के. साडेबारा लाखांवर महिन्याला जवळजवळ ९ हजार ९०० रुपये होतात. पण हा दिवसांचा हिशेब तुमचा शेवटचा कागद पोहोचल्यावर सुरू होतो, आणि तो कधी पोहोचला याचा पुरावा म्हणजे ती पोच.

तरीही काउंटरवर ‘कोर्टाचा कागद आणा’ असेच ऐकायला मिळाले तर तिथे वाद घालत बसू नका. शाखाधिकाऱ्यांच्या नावे एका पानाचे पत्र द्या : दाव्याची रक्कम १५ लाखांच्या आत आहे, वारसांत वाद नाही, रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार सोप्या पद्धतीने दावा स्वीकारावा, आणि नाकारत असल्यास कारण लेखी द्यावे. पुष्कळदा तोंडी नकार देणारी व्यक्ती लेखी नकार देत नाही, कारण तो विषय मग वरिष्ठांकडे जातो. तरीही दाद लागली नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करा. त्याला फी नाही आणि वकील लागत नाही.

सहकारी बँकेचे गणित वेगळे आहे. सहकारी बँकांसाठी सोप्या पद्धतीची मर्यादा ५ लाख आहे, आणि तुमची ठेव ६ लाख २० हजारांची. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, की तुमच्या बँकेने आपल्या धोरणात ही मर्यादा वाढवली आहे का. वाढवली असेल तर वर सांगितलेलेच कागद तिथेही चालतील. नसेल तर मर्यादेवरच्या दाव्यासाठी दोन मार्ग राहतात. एक म्हणजे न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र. दुसरा म्हणजे वारस दाखला, किंवा त्रयस्थ व्यक्तीने नोटरी अथवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर केलेले वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र, आणि त्यासोबत तेवढ्या रकमेची ऐपत असलेल्या त्रयस्थ जामीनदाराचे हमीपत्र. तुमच्या कुटुंबात वाद नाही, तेव्हा मी दुसरा मार्ग आधी आजमावून पाहीन. अडचण फक्त जामीनदाराची असते : बँक त्याची मिळकत किंवा पगाराचा पुरावा मागते, आणि पुढे कोणी वारस उभा राहिला तर त्याच्यावर जबाबदारी येते. वारसांची यादी तुम्ही पूर्ण दिली असेल, तर एखाद्या स्नेह्याला ही विनंती मोकळ्या मनाने करता येईल.

न्यायालयात जावेच लागले तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खाली अर्ज करायचा असतो, आणि तो वडील जिथे राहत होते त्या ठिकाणच्या न्यायालयात. अर्जात ठेवीची पावती क्रमांकासह आणि रकमेसह लिहावी लागते, कारण प्रमाणपत्र त्यात नमूद केलेल्या रकमांपुरतेच असते. एखादी ठेव लिहायची राहिली तर प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून घेण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. सर्व वारसांना नोटीस जाते, सहसा वृत्तपत्रात जाहीर नोटीसही येते, हरकतींची मुदत संपते आणि मग आदेश होतो. न्यायालय शुल्क रकमेच्या प्रमाणात असते. वाद नसलेल्या प्रकरणातही काही महिने जातात. हा मार्ग टाळण्याचे कारण वेळ आणि खर्च एवढेच; बँकेच्या दृष्टीने तो सर्वांत सुरक्षित आहे, कारण प्रमाणपत्र पाहून सद्भावनेने पैसे दिले की तिची जबाबदारी कायद्यानेच संपते. एखादा वारस सही करायलाच तयार नसेल तर मात्र रक्कम कितीही छोटी असो, न्यायालयाला पर्याय नाही.

दोन्ही मुदत ठेवींबद्दल घाई करू नका. दावा मंजूर झाल्यावर ठेव मुदतीपूर्वी मोडली तरी मृत्यूच्या कारणाने मोडल्यामुळे दंड लागत नाही. पण व्याज जितके दिवस ठेव राहिली त्या काळाच्या दराने मिळते. मुदत संपायला दोन-तीन महिनेच राहिले असतील आणि पैशांची निकड नसेल, तर दावा आता दाखल करून ठेव मुदतीपर्यंत चालू ठेवायची विनंती करा. कोणत्या तारखेला मोडली तर हातात किती येतील, हे दोन आकडे शाखेकडून लिहून घ्या आणि मग ठरवा.

राहिले जुने पासबुक. त्यावर शाखेचा शिक्का आणि खाते क्रमांक वाचता येत असेल तर त्या शाखेत मृत्यूच्या दाखल्यासह चौकशी करा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर विलीन करून घेणाऱ्या बँकेत. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत वर्ग करतात, पण तिच्यावरचा वारसांचा हक्क त्याने बुडत नाही. दावा त्याच बँकेकडे करायचा असतो आणि ती पैसे देऊन निधीकडून परत मिळवते. शिक्का पुसट असेल तर udgam.rbi.org.in या संकेतस्थळावर वडिलांचे नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख घालून शोध घ्या. शोधताना नावाची स्पेलिंग बदलून दोन-तीनदा पाहा, कारण जुन्या खात्यांवर नाव जसे त्या काळी कारकुनाने लिहिले तसेच राहिलेले असते. मात्र ते पासबुक पतसंस्थेचे निघाले तर ती या यादीत सापडणार नाही, कारण पतसंस्था ही बँक नव्हे आणि वर सांगितलेले रिझर्व्ह बँकेचे निर्देशही तिला लागू होत नाहीत. तिथे संस्थेच्या पोटनियमांनुसार अर्ज करावा लागेल, आणि दाद मागायची झाली तर तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे.